एकही क्लायंट नाही, तर अबाउट पेजवर आणि लेखक परिचयात लिहायचं काय?

ओलीमाती | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार सगळ्यांना. मी फ्रीलान्स लिखाण सुरू करतेय, मराठीतच, शेतीच्या कंपन्यांसाठी. वेबसाइट घेतली, रंग फाँट सगळं झालं आणि अबाउट पेजवर येऊन चार दिवस अडकलेय. कारण आजपर्यंत माझं एकही लिखाण कुठल्या क्लायंटच्या नावाने छापून आलेलं नाही. बाकीच्यांची पेजं बघितली तर सगळीकडे लोगोंच्या रांगा, "यांच्यासाठी लिहिलंय" म्हणून. माझ्याकडे ती रांगच नाही.

तर मी असं लिहिलंय, वाचून स्पष्ट सांगा:

"मी एक उत्साही आणि सर्जनशील फ्रीलान्स कंटेंट रायटर आहे. शब्दांवर माझं मनापासून प्रेम आहे. दर्जेदार, अभ्यासपूर्ण आणि वेळेत लिखाण ही माझी खासियत. शेती, आरोग्य, प्रवास, तंत्रज्ञान, जीवनशैली अशा सर्व विषयांवर मी लिहिते. तुमच्या ब्रँडला आवाज द्यायचा असेल तर आजच संपर्क करा."

लेखाच्या खाली येतो तो छोटा लेखक परिचय पण हाच टाकावा का, की वेगळा लागतो?

---

मावशी_सातारा | सोमवार, रात्री 11:15

अगं छानच लिहिलंयस. मी आमच्या दिवाळी अंकाला कथा पाठवते तेव्हा लेखक परिचय मागतात, तेव्हा मी शिक्षण, गाव, आवडीनिवडी आणि कुठे कुठे कथा आल्या ते देते. पहिल्या वर्षी काहीच छापलेलं नव्हतं तर संपादकांनी फक्त "सातारा येथे वास्तव्य, निवृत्त परिचारिका" एवढंच छापलं होतं. तुझं पुस्तक कधी येतंय? नाव काय ठेवलंयस?

---

ओलीमाती | मंगळवार, सकाळी 7:05

मावशी पुस्तक नाही हो, कंपन्यांसाठी लिहायचंय, माहितीपत्रकं, औषधाच्या वापराचे कागद, शेतकऱ्यांना जाणारे व्हॉट्सॲप मेसेज, असं. पण तुमच्या संपादकांनी केलं ते माझ्या डोक्यात राहिलं, निवृत्त परिचारिका म्हटल्यावर लगेच माणूस दिसतो.

---

विक्रम_डिजिटल | मंगळवार, सकाळी 9:30

तीन गोष्टी सांगतो, मी मार्केटिंगमध्ये आहे सहा वर्षं.

पहिलं म्हणजे थर्ड पर्सनमध्ये लिहा, "त्या एक अनुभवी लेखिका आहेत" असं, प्रोफेशनल वाटतं. दुसरं, "मी" च्या जागी "आम्ही" लिहा, म्हणजे टीम आहे असं वाटेल आणि रेट चांगला मिळेल. तिसरं, दोन-तीन कंपन्यांना एकेक लेख फुकट लिहून द्या आणि त्यांचे लोगो लावा. सगळे असंच सुरू करतात, लोगो दिसला की लोक पुढचं वाचतच नाहीत.

---

जुनी_लेखणी | मंगळवार, दुपारी 1:20

ओलीमाती, मी दुसऱ्या बाजूने सांगते. मी अकरा वर्षं शेती निविष्ठांच्या क्षेत्रात मराठी मजकुराचं काम बघितलंय, म्हणजे लेखक शोधायचे, काम द्यायचं, आलेलं तपासायचं. तुझ्यासारखी पेजं उघडून बघणारी बाई म्हणजे मी.

एखादं माहितीपत्रक काढायचं असलं की मी दुपारी बसून दहा-बारा जणांची पेजं उघडायचे. लोगो मी बघायचे पण सगळ्यात शेवटी. आधी एवढंच शोधायचे की या माणसाला पीक कळतं का. याचं कारण सांगते. एकदा आम्ही मोठ्या नावाच्या एका लेखकाकडून द्राक्षावरचं पत्रक करून घेतलं, लोगो भरपूर होते त्याच्याकडे. त्याने भुरी आणि केवडा हे दोन वेगळे रोग एकच समजून लिहिलं होतं. मजकूर केवड्याचा, पानं ओली राहिली की कसा वाढतो वगैरे, आणि खालचा फोटो पांढऱ्या भुकटीचा, म्हणजे भुरीचा. माझ्याही नजरेतून सुटलं, सहा हजार प्रती छापून आल्या आणि पहिल्याच गावात एका शेतकऱ्याने उचलून दाखवलं. सगळा गठ्ठा रद्दीत गेला. त्या दिवसापासून मी लेखकाच्या पेजवर सगळ्यात आधी पिकाची भाषा शोधते.

आता तुझी पाच वाक्यं. नाव झाकून वाच. पुण्यातल्या, नागपुरातल्या, कुणाच्याही नावाखाली ती जशीच्या तशी खपतील. "अभ्यासपूर्ण" म्हणजे काय केलंस ते दिसत नाही, "वेळेत" हे प्रत्येकजण म्हणतो. आणि शेती, आरोग्य, प्रवास, तंत्रज्ञान एका दमात वाचलं की मला वाटतं, हिला यातलं एकही नीट माहीत नसावं. तसं नसेलही, पण पेज बघणाऱ्याला दुसरं काही कळायला मार्ग नसतो.

तू याआधी काय करत होतीस? क्लायंट नाहीत हे कळलं. पण सकाळी उठून कुठे जात होतीस?

विक्रम, तुमच्या मुद्द्यांवर नंतर लिहिते, एक बरोबर आहे तुमचा.

---

ओलीमाती | मंगळवार, रात्री 9:50

मी 2016 ते 2022 असे सात हंगाम निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये होते, गुणवत्ता विभागात. म्हणजे माल आला की मणी 16 एमएमच्या वर आहेत का, गोडी किती भरते, पनेटमध्ये अर्धा अर्धा किलो नीट बसतोय का ते बघायचं. आणि मुख्य म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधांच्या अंशाचे रिपोर्ट वाचायचे आणि ज्याचा नमुना नापास झाला त्या शेतकऱ्याला फोन करून सांगायचं. हे काम कुणालाच नको असायचं त्यामुळे ते माझ्याकडे आलं. मग मुलगी झाली, पुण्याला आलो, दोन वर्षं घरी होते.

हे मी लिहिलं नाही कारण हे लिखाणाचं काम नाही ना, नोकरी होती.

---

जुनी_लेखणी | मंगळवार, रात्री 10:30

तिथे तू एकही कागद लिहिला नाहीस? शेतकऱ्याला द्यायचा, मजुरांसाठी भिंतीवर लावायचा, काहीही?

---

ओलीमाती | मंगळवार, रात्री 11:25

लिहिलेत की. बरेच. एक सांगते, तो माझ्या कायम लक्षात आहे.

आमच्याकडून शेतकऱ्यांना औषधांची यादी जायची, त्यात प्रत्येकापुढे "पीएचआय 30 दिवस", "पीएचआय 45 दिवस" असं छापलेलं असायचं, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत इतके दिवस थांबायचं. 2018 च्या हंगामात काही बागांचे नमुने अंशामुळे अडकले आणि मी एकेकाला फोन करून विचारत गेले की फवारणी कधी केली, तेव्हा कळलं की बहुतेकांनी औषध बरोबर निवडलेलं, डोस बरोबर, पण एकाच औषधाच्या दोन फवारण्या झाल्या असल्या तर ते दिवस पहिल्या फवारणीपासून मोजत होते. एक काका तर मला म्हणाले, "ताई, तीस दिवस तर कधीच होऊन गेले, तुम्हीच मोजा." त्यांनी मोजले होते ते खरंच बरोबर होते, फक्त सुरुवात चुकीच्या तारखेपासून. आमच्या कागदावर कुठून मोजायचं हे लिहिलेलंच नव्हतं, आम्हाला ते इतकं उघड वाटत होतं.

मग मी साहेबांना विचारून कागद बदलला. पीएचआय हा शब्दच काढला. त्याजागी दोन रिकाम्या जागा ठेवल्या:

"या औषधाची शेवटची फवारणी झाली ती तारीख: ______
त्यात 30 दिवस मिळवून येणारी तारीख: ______
या तारखेच्या आधी घडाला कात्री लावू नका."

शेतकऱ्याने स्वतः पेनाने भरायचं. पुढच्या वर्षी मोजणीच्या चुकीने अडकलेली बाग एकच होती, आधी सात होत्या. पण खरं सांगायचं तर त्याच वर्षी आमच्याकडे बागेत फिरणारे दोन जण जास्तीचे लागले होते, त्यामुळे सगळं माझ्या कागदामुळे झालं असं नाही म्हणता येणार.

---

जुनी_लेखणी | बुधवार, सकाळी 6:45

हेच तुझं अबाउट पेज आहे. मी रात्री दोनदा वाचलं.

बघ, क्लायंटचा लोगो हा पुरावा कशाचा असतो? कुणीतरी हिला पैसे दिले आणि पस्तावला नाही, एवढ्याचाच. माहितीपत्रक काढणाऱ्याला हवा असतो दुसराच पुरावा, की हिच्या हातातून गेलेला मजकूर शेतकऱ्याला कळतो. तो तुझ्याकडे आहे. जुनी ओळ आणि नवी ओळ एकाखाली एक ठेव, मध्ये दोन वाक्यांत काय घडलं ते सांग. ज्याला हे काम द्यायचंय तो तिथे थांबतोच, कारण त्याच्याही टेबलावर "पीएचआय 30 दिवस" छापलेला कागद पडलेला असतो.

पण दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे सात आणि एक हे आकडे टाकू नकोस. ते त्या निर्यातदाराचे आहेत, किती बागा नापास झाल्या ही त्यांची आतली गोष्ट. शिवाय तूच म्हणालीस तसं श्रेय पूर्ण तुझं नाही. दोन, जुना छापील कागद फोटो काढून लावू नकोस, त्यावर त्यांचं नाव, यादी, सगळं असेल. त्या तीन ओळी तुझ्या शब्दांत नव्याने मांड, दुसऱ्या पिकाचा किंवा बिननावाच्या औषधाचा नमुना म्हणून. शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, रिपोर्ट नंबर तर अजिबातच नाही.

आता विक्रम. थर्ड पर्सनचं तुमचं अर्धं बरोबर आहे. लेखाखाली येणारा परिचय "त्या", "यांनी" असाच शोभतो, कारण तिथे तिची ओळख दुसरं कुणीतरी करून देतंय, मासिक किंवा कंपनी. पण स्वतःच्या वेबसाइटवर एकटी बाई स्वतःबद्दल "त्या अनुभवी आहेत" म्हणते तेव्हा परकं वाटतं, तिथे "मी" च हवा. "आम्ही" तर मुळीच नको. मी फोन केल्यावर टीममध्ये कोण कोण आहे हे विचारते आणि मग समोरचा अडखळतो. पहिल्याच फोनला खोटं सापडलं की पुढे काम कसं देणार?

---

विक्रम_डिजिटल | बुधवार, सकाळी 10:10

"आम्ही" चं मान्य, मागे घेतो. पण आकड्यांचं मला पटत नाही. सात वरून एक हे वाचल्यावर कुणीही थांबेल, ते काढलं तर उरली नुसती गोष्ट. निर्यातदाराचं नाव न घेता आकडा दिला तर कुणाचं काय बिघडतंय? आणि लोगोसाठी फुकट काम यात तरी काय चूक, अनुभव मिळतो.

---

बारामतीची_सून | बुधवार, दुपारी 12:40

फुकट कामाचं मी सांगू का, मी केलंय. पोषण आहारावर लिहिते मी, सुरुवातीला एका कंपनीला चार लेख फुकट दिले. त्यांनी माझं नाव कुठेच टाकलं नाही, लेखाखाली "आमची टीम" असं आलं. मी लोगो लावला तर तीन महिन्यांनी त्यांचा मेल आला की आमचा तुमचा काही करार नाही, लोगो काढा. बरोबरच होतं त्यांचं, कागदावर काहीच नव्हतं. चार लेख गेले आणि पेजवर परत रिकामी जागा.

नंतर मी गावातल्या बचत गटाच्या मासिक पत्रकात लिहिलं, दोन पानी पत्रक, फुकटच, पण खाली माझं पूर्ण नाव छापलं आणि मी आधीच विचारून घेतलं होतं की हे माझ्या पेजवर दाखवू का, हो म्हणाले, मेसेजवर लेखी घेतलं. तेच पत्रक बघून मला पहिलं पैशाचं काम आलं. म्हणजे फुकट दिलं ते वाया गेलं असं नाही, पण नाव छापून आलं पाहिजे आणि दाखवायची परवानगी पाहिजे.

---

जुनी_लेखणी | बुधवार, दुपारी 3:15

अगदी हेच. शेतकरी उत्पादक कंपन्यांची पत्रकं असतात, कृषी विज्ञान केंद्रांचे कार्यक्रम असतात, तिथे नावासकट लिहायला मिळालं तर जरूर लिहावं.

आकड्यांचं विक्रम म्हणतात त्यात तथ्य आहे, आकडा डोळ्यात भरतो हे खरंच. पण निफाडमधला निर्यातदार, 2018, सात बागा एवढं सांगितलं की त्या भागातल्या लोकांना घर ओळखू येतं. द्राक्षाच्या धंद्यात अंशाचा विषय फार नाजूक आहे. 2010 ला युरोपात क्लोरमेक्वॅटच्या अंशामुळे आपला माल अडकला होता, तेव्हा कितीतरी बागायतदार कर्जात गेले, आजही लिहोसिन, म्हणजे त्याच औषधाचं बाजारातलं नाव, काढलं की जुनी माणसं गप्प होतात. जुन्या मालकाला विचारून तो हो म्हणाला तर टाक, नाहीतर नको, असं माझं मत. विक्रमना पटणार नाही, चालेल.

---

निनाद | बुधवार, संध्याकाळी 7:30

मजकुरातलं मला कळत नाही पण तांत्रिक एक सांगतो कारण हे मी दहातल्या सहा नव्या साइटवर बघतो. वर्डप्रेस असेल तर लेखाखाली लेखकाचं नाव `admin` असं येतं. अबाउट पेज सुंदर आणि लेख लिहिलाय `admin` ने. `Users` मध्ये `Profile` उघडा, तिथे आधी नाव भरा, मग `Display name publicly as` मध्ये तुमचं पूर्ण नाव निवडा. त्याच पानावर खाली `Biographical Info` असा चौकोन आहे, छोटा परिचय तिथे टाकायचा. तो लेखाखाली दिसेल की नाही हे थीमवर असतं, त्यामुळे टाकल्यावर एक लेख मोबाईलवर उघडून खात्री करा. नाही दिसला तर थीमच्या सेटिंगमध्ये बघा, आपलं काही चुकलं असं समजून परत परत भरत बसू नका. फोटो तिथे अपलोड होत नाही, तो ग्रॅव्हटारवरून येतो, ज्या ईमेलने साइटवर खातं आहे त्याच ईमेलने तिथे फोटो ठेवायचा.

आणि संपर्काला नुसता फॉर्म ठेवू नका. फॉर्म बिघडला तर तुम्हाला कळतही नाही, मेल येतच नाहीत एवढंच. ईमेल पत्ता अक्षरात लिहून ठेवा.

---

ओलीमाती | गुरुवार, रात्री 11:10

`admin` च येत होतं!! आत्ता बदललं. निनाद खूप आभार.

मुलगी झोपल्यावर दोन रात्री बसून परत लिहिलं. जुन्या साहेबांना फोनही केला, ते म्हणाले आकडे नको, बाकी खुशाल लिही. तर हे बघा:

"फवारणीचा कागद शेतकरी वाचतो तो बांधावर उभं राहून. पंप भरलेला असतो, माणसं थांबलेली असतात. तेव्हा एकदा वाचून कळेल असं मराठी मी लिहिते.

2016 ते 2022 असे सात द्राक्ष हंगाम मी निफाड तालुक्यातल्या एका निर्यात पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता विभागात होते. औषधांच्या अंशाचे रिपोर्ट वाचायचे आणि नमुना नापास झाला तर बागायतदाराला फोनवर कारण समजावून सांगायचं, हे माझं रोजचं काम होतं. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या कागदावर असं छापलेलं असायचं:

पीएचआय 30 दिवस.

दोन फवारण्या झाल्या असतील तर दिवस कुठून मोजायचे, हे त्यातून कळत नव्हतं. अनेकजण पहिल्या फवारणीपासून मोजायचे. मी ती ओळ अशी बदलली:

शेवटची फवारणी झाली ती तारीख लिहा. त्यात 30 दिवस मिळवा. येईल त्या तारखेच्या आधी घडाला कात्री लावू नका.

आता मी स्वतंत्रपणे लिहिते: औषधं आणि खतांची माहितीपत्रकं, वापराच्या सूचना, शेतकऱ्यांना जाणारे मेसेज. द्राक्ष आणि डाळिंब ही माझी पिकं. मजकूर पाठवण्याआधी मी तो एका बागायतदाराला वाचून दाखवते आणि त्याने जिथे थांबून विचारलं ती ओळ बदलते.

खाली तीन नमुने आहेत. ते कुठल्या कंपनीसाठी केलेले नाहीत, मी स्वतःहून लिहिलेत.

संपर्क: ..."

डाळिंब लिहू का? बाबांची बाग आहे डाळिंबाची, पण कामाचा अनुभव द्राक्षाचाच.

---

जुनी_लेखणी | शुक्रवार, सकाळी 7:20

हे वाचून मी फोन केला असता.

"कुठल्या कंपनीसाठी केलेले नाहीत" हे तू लिहिलंस ते फार बरोबर केलंस. काहीजण एखाद्या मोठ्या कंपनीचं पत्रक मनानेच लिहितात आणि वर तिचं नाव टाकून नमुना म्हणून ठेवतात, बघणाऱ्याला वाटतं खरंच काम केलंय. मग ती कंपनी माझ्या ओळखीची निघते आणि मी तिथे विचारते. हे टाळलंस. तशीच एक छोटी ओळ प्रत्येक नमुन्याच्या माथ्यावरही टाक, कारण माणसं थेट नमुन्याच्या लिंकवर येतात, अबाउट पेज न बघता.

"सात हंगाम" च्या जोडीला 2016 ते 2022 लिहिलंस तेही ठेव. नुसतं "सात वर्षांचा अनुभव" लिहिलं की ते पेज शिळं कधी झालं हे कुणालाच कळत नाही.

डाळिंब मी काढेन, किंवा "बाबांची डाळिंबाची बाग आहे" असं जसं आहे तसं लिही. मर रोगावर किंवा तेल्यावर पहिल्याच फोनला प्रश्न आला तर सांगता येईल का? येत असेल तर राहू दे.

बागायतदाराला वाचून दाखवते असं लिहिलंयस. खरंच दाखवतेस ना? कारण मी विचारेन.

---

मावशी_सातारा | शुक्रवार, सकाळी 11:00

फार छान झालंय गं. मला एक विचारायचं होतं, दोन वर्षं मुलीसाठी घरी होतीस ते कुठेच नाही. लपवल्यासारखं नाही ना वाटणार? 2022 नंतर काय असं कुणी विचारलं तर?

---

बारामतीची_सून | शुक्रवार, दुपारी 2:05

मावशी मला वाटतं ते पेजवर नको. ते कामाशी संबंधित नाही, विचारलं तर सांगायचं. माझ्याही पेजवर नाही.

---

विक्रम_डिजिटल | शुक्रवार, दुपारी 2:30

मी तर म्हणेन एक ओळ टाका. क्लायंट लोक तारखा बघतात, मोकळी जागा दिसली की मनात शंका येते. "2022 ते 2024 कौटुंबिक कारणाने विश्रांती" एवढंच. आणि लेख छान झालाय, मी आकड्यांसाठी भांडत होतो पण दोन ओळी एकाखाली एक बघितल्यावर आकड्याची आठवण झाली नाही.

---

जुनी_लेखणी | शुक्रवार, रात्री 8:40

यावर मी ठाम काही सांगू शकत नाही. मी स्वतः कधी त्या मोकळ्या जागेवरून कुणाला नाकारलेलं नाही, पण मोठ्या ऑफिसमध्ये तारखा बघणारेही असतात. तुला सहज सांगता येत असेल तर टाक.

आता छोटा परिचय. हा वेगळाच लिहायचा, मोठ्याचा तुकडा तोडून नाही. चाळीस-पन्नास शब्द, थर्ड पर्सन. लेख वाचून झालेल्या माणसाला एवढंच हवं असतं की हे सांगणारी कोण आणि हिला हे कसं माहीत. पीएचआयची गोष्ट इथे बसत नाही, तिचा मोह सोड. "यांचे लेखन अनेक ठिकाणी प्रसिद्ध" ही ओळ तुझ्याकडे नाही तर तिची जागा भरायला जाऊ नकोस, "लवकरच", "आगामी" असलं काही नको. नुसती गाळ. नसलेली ओळ कुणाच्या लक्षात येत नाही, बळंच भरलेली मात्र लगेच येते.

आणि तो लेखागणिक थोडा बदलता येतो. अंशावर लेख असेल तर रिपोर्टचं काम पुढे घे, पॅकिंगवर असेल तर पॅकहाऊस पुढे.

---

ओलीमाती | शनिवार, रात्री 10:15

हा घ्या छोटा, अंशावरच्या लेखाखाली:

"(नाव) यांनी 2016 ते 2022 या काळात निफाड तालुक्यातील द्राक्ष निर्यात पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता विभागात काम केले. औषधांच्या अंशाचे रिपोर्ट बागायतदारांना समजावून सांगणे हे त्यांचे मुख्य काम होते. शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रके आणि वापराच्या सूचना त्या मराठीत लिहितात. वास्तव्य पुणे."

"वास्तव्य पुणे" मावशींकडून घेतलं.

डाळिंब काढलं. तेल्यावर मला बाबांना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन वर्षांचं अजून ठरत नाहीये, आत्ता तरी नाही टाकलं.

---

जुनी_लेखणी | शनिवार, रात्री 10:50

छान. "द्राक्ष निर्यात पॅकहाऊस" च्या आधी "एका" टाक, नाहीतर तालुक्यात एकच आहे असं वाटतं. नमुने कोणते तीन?

---

ओलीमाती | रविवार, दुपारी 4:20

"एका" टाकलं. नमुने असे: एक, वापराच्या सूचनांचं एक पान, बिननावाच्या औषधाचं, तारखांच्या रिकाम्या जागांसकट. दोन, भुरी आणि केवडा शेजारी शेजारी ठेवून ओळखायचे कसे, पानाच्या वरच्या बाजूला काय दिसतं, खालच्या बाजूला काय, ही कल्पना तुमच्या रद्दीत गेलेल्या गठ्ठ्यावरून सुचली. तीन, पाऊस येणार असेल तर शेतकऱ्यांना पाठवायचे पाच व्हॉट्सॲप मेसेज, प्रत्येक मेसेज स्क्रीनवर एका नजरेत मावेल एवढाच.

आणि तुम्ही विचारलं होतंत ना खरंच वाचून दाखवतेस का, तर काल दिंडोरीच्या एका काकांना फोन लावून तिसरा नमुना वाचून दाखवला, हेच ते "तुम्हीच मोजा" म्हणाले होते. दुसऱ्या मेसेजपाशी त्यांनी थांबवलं. मी लिहिलं होतं "छाटणीनंतर चाळीस दिवस झाले असतील तर". म्हणाले, "कोणती छाटणी ताई? एप्रिलची का ऑक्टोबरची?" माझ्या डोक्यात ऑक्टोबरचीच होती, लिहिलं नव्हतं. आता "ऑक्टोबर छाटणीनंतर" असं केलंय, पाचही मेसेजमध्ये. उरलेले मेसेज उद्या वाचून दाखवायचेत, ते संध्याकाळी सातनंतर मोकळे असतात.